सभागृह भरलं तरी तोटा : एका कार्यक्रमाच्या तिकीटदराचा हिशेब

मी ज्या सांस्कृतिक मंडळाचा खजिनदार आहे, ते वर्षातून एक मोठा कार्यक्रम करतं. पहिल्या भागात गाणी, दुसऱ्या भागात एकांकिका. गेल्या वर्षी 300 आसनांच्या सभागृहात 205 तिकिटं विकली गेली. लोक खूश होते आणि कलाकारांना टाळ्याही भरपूर मिळाल्या. हिशेब मांडला तेव्हा मात्र सुमारे 17,000 रुपयांची तूट निघाली, आणि ती कार्यकारिणीतल्या पाच जणांनी पदरमोड करून भरली. यंदाच्या पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की दर ठरल्याशिवाय सभागृहाची तारीख पक्की करायची नाही. हा दर कसा ठरला, ते आकड्यांसकट इथे मांडतो आहे.

आधी खर्च. सभागृहाचं चार तासांचं भाडं 24,000, ध्वनी आणि प्रकाशयोजना 13,000, कलाकार आणि वादकांचं मानधन व प्रवास 17,000, प्रसिद्धी 4,000, साफसफाई आणि किरकोळ 2,000. एकूण 60,000. समोर दहा माणसं बसोत की तीनशे, यात फरक पडत नाही. हा स्थिर खर्च. माणसागणिक वाढणारा खर्च वेगळा होता : मध्यंतरातला अल्पोपाहार 70 रुपये आणि छापील कार्यक्रमपत्रिका व पाणी 10 रुपये, मिळून माणशी 80.

सचिवांनी बैठकीतच गणित केलं. साठ हजार भागिले तीनशे आसनं म्हणजे 200, त्यात 80 मिळवले की 280. "280 ठेवू, ना नफा ना तोटा." बहुतेक मंडळांत दर असाच निघतो आणि ऐकताना पटतोही. पण या गणितात तीन चुका आहेत. त्या एकेक करून दाखवतो, कारण गेल्या वर्षीची तूट त्यांतूनच आली होती.

पहिली चूक किमतीतून परस्पर कापल्या जाणाऱ्या पैशांची. आमची तिकिटं ऑनलाइन विकली जातात आणि ती सेवा देणारे तिकिटाच्या 5 टक्के ठेवून घेतात. 280 च्या तिकिटातून 14 रुपये तिथेच जातात, उरतात 266. त्यातून 80 वजा केले की एका तिकिटामागे स्थिर खर्च भागवायला खरे उरतात 186. आता 60,000 ला 186 ने भागा : 323 तिकिटं. सभागृहात आसनंच 300. म्हणजे हा दर ठेवून एकही जागा रिकामी राहिली नसती, तरी आम्ही 4,200 रुपयांनी खाली आलो असतो. हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा कुणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा करून बघा. केलं, तोच आला. टक्क्यांत जाणारा पैसा माणशी खर्चात रुपयांत मिळवून चालत नाही, कारण दर वाढवला की तोही वाढतो. तो आधी किमतीतूनच वजा करावा लागतो.

दुसरी चूक पासांची. दर वर्षी पाहुणे, कलाकारांचे घरचे आणि देणगीदार यांना मिळून तीसेक पास जातात. शिवाय पंधरा कलाकार आणि स्वयंसेवक आसनावर बसत नाहीत, पण अल्पोपाहार घेतात. या 45 जणांचे माणशी 80 प्रमाणे 3,600 रुपये होतात. तिकिटं किती विकली जातात याच्याशी या रकमेचा काही संबंध नाही, म्हणून तीही स्थिर खर्चातच धरायची. स्थिर खर्च झाला 63,600, आणि विकायला जागा उरल्या 270.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. सभागृहाची क्षमता म्हणजे विक्री नव्हे. आमच्या मागच्या तीन कार्यक्रमांत 175, 190 आणि 205 तिकिटं विकली गेली, तीही 250 किंवा त्याहून कमी दराला. दर ठरवताना भागायचं असतं ते या आकड्यांनी. मी सावधपणे 180 धरले. 63,600 भागिले 180 म्हणजे तिकिटामागे 353 रुपये उरायला हवेत. त्यात माणशी 80 मिळवायचे आणि आलेली रक्कम किमतीच्या 95 टक्के आहे असं मानून किंमत काढायची. उत्तर येतं जवळपास 456 रुपये.

बैठकीत शांतता पसरली. गेल्या वर्षी 250 देणारा माणूस यंदा 456 देईल, असं कुणीच म्हणू शकलं नाही. मीही नाही. या आकड्याचा अर्थ 456 दर लावा असा नव्हता. कार्यक्रम ज्या पद्धतीने आखला आहे, त्या पद्धतीने तो या गर्दीला परवडत नाही, हे तो सांगत होता. म्हणून दराचा विषय बाजूला ठेवून आम्ही खर्चाकडे वळलो.

सगळ्यांचं लक्ष आधी भाड्याकडे गेलं, कारण ती रक्कम सगळ्यात मोठी दिसते. भाड्याचा दर ठरलेला होता, तिथे काही हलणार नव्हतं. पण भाड्याला एक शेपूट असतं आणि ते आम्ही कधी मोजलं नव्हतं. चार तास उलटले की पुढचा प्रत्येक तास, त्यातली पाच मिनिटं वापरली तरी, पूर्ण आकारला जातो, तासाला 6,000. गेल्या वर्षी आम्ही वीस मिनिटं जास्त थांबलो आणि पूर्ण तासाचे पैसे भरले. असा खर्च माणशी वाढत नाही आणि स्थिरही राहत नाही, तो पायरीसारखा एकदम चढतो. त्यावरचा उपाय हिशेबाच्या वहीत नव्हता, कार्यक्रमाच्या क्रमात होता. ध्वनिजुळणी आणि मांडणीला 45 मिनिटं, मध्यंतर 15, आवराआवर 20. म्हणजे कार्यक्रमाला मिळतात अडीच तास, तरीही दहा मिनिटं हाताशी राहतात. दोन गाणी कमी करावी लागली. संगीत विभाग पाहणाऱ्या ताईंना ते लागलं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. पण त्या दोन गाण्यांची किंमत सहा हजार होती, हे त्यांनाही पटलं.

खरा पैसा अल्पोपाहारात अडकला होता. माणशी 70 रुपये, म्हणजे आला माणूस की वाढला खर्च, नाही आला तर नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ठेकेदार किमान ताटांची हमी घेतो. गेल्या वर्षी आम्ही 250 ची हमी दिली होती. तिकिटं विकली गेली 205. पास घेणाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी त्यातली काही ताटं उचलली, पण तिकीट काढूनही न आलेल्यांची उरलीच. आणि उरली नसती तरी पैसे 250 चेच द्यायचे होते. म्हणजे ज्याला आम्ही बदलता खर्च म्हणत होतो, तो 250 पर्यंत चक्क स्थिर होता. एखादा खर्च खरोखर माणसागणिक आहे का, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे : आदल्या दिवशी पन्नास माणसं कमी होणार असं कळलं, तर तो खर्च कमी करता येतो का? येत नसेल, तर तो स्थिर खर्चात लिहायचा, मग दरपत्रकात तो माणशी लिहिलेला का असेना.

म्हणून अल्पोपाहार तिकिटातून काढला. ठेकेदाराने मध्यंतरात स्वतःचं टेबल लावायचं, ज्याला हवं त्याने पैसे देऊन घ्यायचं, मंडळाने हमी द्यायची नाही. तो तयार व्हायला दोन फेऱ्या लागल्या. या बदलामुळे प्रेक्षकामागचा खर्च 80 वरून 10 वर आला. कलाकार आणि स्वयंसेवकांचा खर्च मंडळाकडेच ठेवला : 15 जणांचे 1,200. तीस पासधारकांचे आता फक्त पत्रिका-पाण्याचे 300. स्थिर खर्च 61,500.

आता प्रायोजक. एका देणगीदाराचे 10,000 मंडळाच्या खात्यात जमा झाले होते. दुसऱ्याने 15,000 चा शब्द दिला होता. कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं होतं की दोन्ही धरले तर स्थिर खर्च 36,500 वर येतो आणि 250 चा जुना दर ठेवूनही 161 तिकिटांत भागतं, मग दर कशाला वाढवायचा? त्यांचं गणित बरोबर होतं. माझा आक्षेप एवढाच होता की दर एकदा जाहीर झाला की परत घेता येत नाही, दिलेला शब्द मात्र परत घेतला जाऊ शकतो. म्हणून खात्यात आलेले 10,000 धरायचे आणि शब्द दिलेले पैसे आले तर पुढच्या वर्षीसाठी ठेवायचे, असं मी सुचवलं. बराच वाद झाला, शेवटी मान्य झालं. स्थिर खर्च 51,500.

इथून पुढे सगळं एका ओळीवर चालतं :

```
लागणारी तिकिटे = 51,500 ÷ (किंमत × 0.95 − 10)
```

250 दर ठेवला तर 227 तिकिटं लागतात. इतकी आम्ही कधीच विकली नव्हती. 300 ला 188, 350 ला 160, 400 ला 140. हे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले की चर्चेची दिशा बदलते. लोकांना कोणता दर आवडेल, हा प्रश्न मागे पडतो. 300 वरून 350 वर गेलो तर 28 तिकिटं कमी विकली जाऊनही आपण तिथेच राहतो. मग प्रश्न उरतो तो पन्नास रुपयांच्या वाढीने खरंच 28 हून जास्त लोक मागे फिरतील का, हा. याचं नेमकं उत्तर आधी कुणालाच देता येत नाही, पण प्रश्न तरी ठोस होतो.

त्याचा अंदाज कसा घ्यायचा? "350 ठेवलं तर याल का?" असं विचारून उपयोग नाही. ओळखीचा माणूस हो म्हणतो, भिडेपोटी म्हणतो. आम्ही गेल्या वर्षी तिकीट काढलेल्यांना संदेश पाठवला की 350 दराने आगाऊ नोंदणी सुरू आहे, पैसे आत्ताच भरायचे. चार दिवसांत 38 तिकिटं गेली. पैसे भरून आलेला होकार तोंडी होकारापेक्षा खूप कमी असतो, पण विश्वास ठेवावा असा तेवढाच असतो.

एक अडचण उरली. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना 350 जड जातात, आणि हे मंडळ त्यांच्यासाठीही आहे. माझी स्वतःची इच्छा होती की त्यांच्यासाठी दर 200 असावा. पण सवलतीचं तिकीट केवळ दीडशे रुपयांनी स्वस्त नसतं, ते हाती उरणाऱ्या रकमेला जवळपास अर्ध्यावर आणतं. पूर्ण तिकिटामागे 322 रुपये 50 पैसे उरतात, सवलतीच्या मागे 180. दर चारांत एक तिकीट सवलतीचं गेलं तर सरासरी 287 च्या आसपास येते आणि 180 तिकिटं लागतात. दर तिनात एक गेलं तर सरासरी बरोबर 275 होते, म्हणजे सरसकट 300 ठेवल्याइतकीच, आणि पुन्हा 188 तिकिटं लागतात. सवलत मोकळी सोडली तर वाढवलेला दर नुसता कागदावर राहतो. म्हणून सवलतीची तिकिटं 50 वर थांबवायची ठरवली. पन्नास सवलतीची आणि 132 पूर्ण दराची मिळून 182 विकली की खर्च निघतो. आमच्या सवयीच्या गर्दीत हा आकडा बसत होता, पण फार सैल नव्हता.

दर जाहीर झाला : 350, आणि सवलतीत 200.

दरम्यान रोखीचा प्रश्न आलाच. सभागृहाला पूर्ण भाड्याबरोबर 10,000 अनामत महिनाभर आधी भरायची होती. अनामत परत मिळते, म्हणून ती खर्चात येत नाही आणि दरात धरायची नाही. गेल्या वर्षी कुणीतरी ती खर्चात लिहिली होती आणि सगळा ताळेबंद त्याने बिघडला होता. पण पैसे तर आधी लागतातच. आगाऊ नोंदणीचे पैसे आणि देणगीदाराचे 10,000 यांच्या आधाराने ते जमलं, उरलेल्या रकमेसाठी मंडळाची राखीव ठेव काही दिवस वापरली.

मग कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना सगळे घाबरले. विक्री होती 92 : सत्तर पूर्ण दराची, बावीस सवलतीची. आमच्या मागच्या नोंदींप्रमाणे दहा दिवस आधी साधारण निम्मी तिकिटं गेलेली असतात, त्यामुळे 184 च्या आसपास पोचू असा माझा अंदाज होता. दोन जणांना मात्र गेल्या वर्षीची पदरमोड आठवत होती. त्यांनी कार्यक्रम रद्द करायचा प्रस्ताव मांडला. त्यांची भीती खरी होती, म्हणून मी उत्तर आकड्यांत दिलं.

या क्षणी रद्द केलं तर काय होतं? भाड्याचे 24,000 परत मिळत नाहीत, प्रसिद्धीचे 4,000 खर्च झालेले आहेत. म्हणजे 28,000 गेले. देणगीदाराचे 10,000 परत करावे लागतील, म्हणजे त्यांचा आधार इथे धरता येत नाही. तिकिटांचे पैसे परत द्यायचे, आणि ऑनलाइन सेवेने कापलेले 5 टक्के परत मिळत नाहीत, ते आणखी 1,445 रुपये. एकूण खड्डा 29,445. आणि रद्द न करता यापुढे एकही तिकीट विकलं गेलं नाही तर? 92 तिकिटांमागे हाती उरतात 26,535. स्थिर खर्च 51,500. तूट 24,965. म्हणजे विक्री त्या दिवशी कायमची थांबली असती, तरी कार्यक्रम करणं रद्द करण्यापेक्षा स्वस्त होतं. गेलेलं भाडं दोन्ही बाजूंना सारखंच आहे, त्याचा विचार करून काही हाती लागत नाही. रद्द करण्याचा निर्णय घ्यायचाच असेल तर तो भाडं भरण्याच्या आधी घ्यायचा असतो. पुढच्या वर्षी आम्ही ती तारीख वहीत लिहून ठेवणार आहोत, आणि त्या दिवशी किती आगाऊ नोंदणी हवी तेही.

दुसरा प्रस्ताव होता शेवटच्या आठवड्यात दर 250 करायचा. त्याला मी ठाम विरोध केला. आधी 350 देऊन तिकीट काढलेल्या 70 जणांचा तो अपमान होता, आणि पुढच्या वर्षी कुणीही आधी तिकीट काढलं नसतं. त्याऐवजी प्रत्येक कलाकाराने पाच घरांत स्वतः जाऊन सांगायचं ठरलं. हे काम जाहिरातीने होत नाही, दाराशी गेलेल्या माणसाने होतं.

एकूण 198 तिकिटं विकली गेली. 150 पूर्ण दराची, 48 सवलतीची. हाती आले 57,015, स्थिर खर्च वजा जाता 5,515. त्यातून अनामतीपैकी 1,500 सभागृहाने खुर्च्यांवरच्या डागांसाठी कापून घेतले. पासही तीसऐवजी 41 गेले, त्यांचे पत्रिका-पाण्याचे 110 रुपये. शिल्लक 3,905. कार्यक्रम ठरल्या वेळेच्या सहा मिनिटं आधी संपला. शब्द दिलेले 15,000 आलेच नाहीत. ते धरून 250 चा दर ठेवला असता, तर 205 तिकिटं विकूनही, डागांचे आणि जास्तीच्या पासांचे पैसे न धरताच, 4,863 रुपयांची तूट आली असती.

पासांचं मात्र अजून माझ्या मनात आहे. त्या अकरा जास्तीच्या पासांचा खर्च 110 रुपये लिहिला, कारण वहीत तेवढाच येतो. पण त्यातले किती जण तिकीट काढून आले असते? मला निदान चार जण माहीत आहेत जे दर वर्षी पैसे देऊन येतात आणि यंदा पासावर आले. अशा प्रत्येक पासामागे 10 रुपये नाही, कापणीनंतर तिकिटाचे हाती येणारे 332 रुपये 50 पैसे गेले. चौघांचे 1,330. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला पुढच्या वर्षी मोजून दोन पास द्यायचे, आणि तिसरा हवा असेल तर त्याने स्वतः तिकीट काढायचं, असा ठराव मी मांडला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मत घेतलं जाईल.